जून महिन्याचे वाढदिवस: मुलींच्या एका बालगृहातील प्रकरण अभ्यास

हे प्रकरण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या मुलींच्या बालगृहातले आहे. बालगृहात राहणाऱ्या मुलींची ओळख उघड होऊ नये, हे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 74 ने बंधनकारक केले आहे, म्हणून येथे गाव, संस्था आणि व्यक्ती यांची नावे दिलेली नाहीत. बालगृहात 6 ते 17 वर्षांच्या 38 मुली राहत होत्या. त्यांपैकी बहुतेकींची आई किंवा वडील हयात होते, पण गरिबी, आजारपण, घरातली हिंसा किंवा एकल पालकाची हतबलता अशा कारणांनी बाल कल्याण समितीने त्यांना तेथे ठेवले होते.

शहरातल्या एका कुटुंबाने आपल्या मुलीचा दहावा वाढदिवस, जो जूनच्या मध्यावर येत होता, या बालगृहात साजरा करण्याची इच्छा अधीक्षिकांकडे व्यक्त केली. त्यांचा बेत नेहमीचाच होता: मोठा केक, मुलीला मध्ये उभे करून औक्षण, पुरी-भाजी आणि श्रीखंडाचे जेवण, सगळ्या मुलींना एकसारखे टेडी अस्वल आणि डबा, आणि शेवटी सामूहिक छायाचित्र. हेतू चांगला होता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही हा बेत जसाच्या तसा झाला असता, तर 38 मुलींनी एका अनोळखी मुलीसाठी टाळ्या वाजवायच्या, तिच्या आईवडिलांचे कौतुक पाहायचे आणि मग रांगेत उभे राहून वस्तू घ्यायच्या, एवढेच त्यांच्या वाट्याला आले असते. अधीक्षिकांनी कुटुंबाला नकार दिला नाही. त्यांनी एकच अट घातली. घर मुलींचे आहे, तेव्हा यजमान त्या असतील आणि कुटुंब पाहुणे म्हणून येईल. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका अटीतून निघाले.

पहिला प्रश्न, वाढदिवस नेमका कोणाचा, हा होता. या बालगृहात महिन्यातल्या सगळ्या वाढदिवसांचा एकच दिवस ठेवण्याची पद्धत होती, आणि पाहुण्या मुलीने त्या दिवसात सामील व्हावे, असे ठरले. जून महिना मात्र इतर महिन्यांसारखा नसतो. शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला नसेल, तर 1 जून ही तारीख लिहून टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि या बालगृहातल्या सात मुलींच्या कागदोपत्री तीच तारीख होती. आणखी दोघींचे वाढदिवस जूनमध्येच, पण खऱ्या तारखांना येत होते. म्हणजे पाहुणी धरून दहा जणी झाल्या. लहान मुलींना 1 जूनचे काही वाटत नाही. मोठ्या मुलींना मात्र ही तारीख आपली नाही, हे चांगले ठाऊक असते. समुपदेशकांनी सातही जणींशी वेगवेगळे बोलून घेतले. पंधरा वर्षांच्या एका मुलीने स्पष्ट सांगितले की तिला वाढदिवसवाल्यांच्या रांगेत बसायचे नाही, पण रांगोळी काढायला आवडेल. तिचे म्हणणे मान्य झाले आणि त्यावर कोणी चर्चा केली नाही, हे तितकेच महत्त्वाचे, कारण अशा वेळी ‘अगं बस की, मजा येईल’ असा प्रेमळ आग्रहही जाचक होतो.

जूनची दुसरी अडचण अशी की मे महिन्याच्या सुट्टीत काही मुली घरी जाऊन आलेल्या असतात, तर काहींना न्यायला कोणीच आलेले नसते. त्यामुळे ‘सुट्टीत कुठे गेली होतीस?’ हा शहरी मुलांमधला अगदी साधा प्रश्नही तेथे अवघड ठरतो. आठवडाभर आधी अधीक्षिकांनी पाहुण्यांना बोलावून हे समजावले. आईवडील, गाव, सुट्टी, ‘तू इथे कशी आलीस’ हे विषय काढायचे नाहीत. खेळ, शाळेतले विषय, आवडते पदार्थ, हातावरची मेंदी यांवर हवे तेवढे बोलायचे. ‘आम्ही पुन्हा येऊ’ असे आश्वासन द्यायचे नाही, कारण मोठी माणसे ते विसरतात आणि मुली दिवस मोजत राहतात. कोणत्याही मुलीला वेगळे बाजूला न्यायचे नाही आणि शयनगृहात जायचे नाही. येणाऱ्यांची यादी आधी लेखी द्यायची आणि आल्यावर ओळखपत्र दाखवून अभ्यागत नोंदवहीत सही करायची. पाहुण्यांची संख्या नऊ ठरली: आई, वडील, आजी, मामा, वाढदिवसाची मुलगी आणि तिच्या चार मैत्रिणी. आणखी मोठा गोतावळा आला असता, तर मुली आपल्याच घरात प्रेक्षक झाल्या असत्या.

खाण्याचा बेत मुलींच्या समितीने ठरवला. अशा समित्यांची तरतूद बाल न्याय नियमांतच आहे; मात्र त्या कागदावर राहणार की खरोखर चालणार, हे अधीक्षकांवर अवलंबून असते. समितीने पुरी-भाजीला साफ नकार दिला. देणगीदार बहुतेक वेळा पुरी-भाजी आणि गोड पदार्थच देतात, त्यामुळे मुलींना त्याचा कंटाळा आलेला असतो, ही गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. त्यांना पावभाजी आणि पाणीपुरी हवी होती. पाणीपुरीच्या पाण्याबाबत अधीक्षिका पावसाळ्याच्या तोंडावर धोका घ्यायला तयार नव्हत्या, म्हणून तिच्याऐवजी सुकी भेळ ठरली. देणगीदारांच्या जेवणाची नोंदवही पाहिल्यावर कळले की कार्यक्रमाच्या रविवारीच दुपारी दुसऱ्या एका कुटुंबाने जिलेबीसह जेवण द्यायचे ठरवले होते. एका दिवसात जिलेबी, श्रीखंड आणि केक असे तीन गोड पदार्थ झाले की लहान मुलींची पोटे बिघडतात आणि अन्नही वाया जाते. त्यामुळे संध्याकाळी केकखेरीज काही गोड ठेवले नाही.

सगळे मिळून सुमारे 55 माणसांची पावभाजी करायची होती. त्यासाठी बटाटे 6 किलो, टोमॅटो 4 किलो, फ्लॉवर आणि कांदा प्रत्येकी अडीच किलो, मटार 2 किलो, ढोबळी मिरची 1 किलो आणि 180 पाव आणले गेले. सहा-सात वर्षांची मुलगी दोन पावांत थांबते आणि सोळा वर्षांची चार-पाच सहज खाते, त्यामुळे माणशी तीन हे प्रमाण मिश्र वयाच्या पंगतीत बरोबर बसते. स्वयंपाक बालगृहाच्याच स्वयंपाकघरात झाला. बाहेरून आणलेले अन्न किती वेळ डब्यात होते हे कळत नाही, तसेच आपल्या स्वयंपाकिणीला बाजूला सारल्यासारखे होते. भाजी शिजल्यावर तिखट घालण्याआधी एक मोठे पातेले लहान मुलींसाठी बाजूला काढले गेले. तिखट मागाहून वाढवता येते, पण घातलेले काढता येत नाही. नेहमीप्रमाणे वाढण्याआधी अधीक्षिकांनी अन्नाची चव घेऊन नोंद केली. दोन मुलींना दाण्यांची ॲलर्जी होती, म्हणून भेळेतले शेंगदाणे वेगळ्या वाटीत ठेवले गेले आणि त्या दोघींची भेळ आधी, वेगळ्या भांड्यात कालवली गेली.

केकबाबत दोन गोष्टींचा विचार करावा लागला. काही मुलींच्या घरी अंडे चालत नव्हते, म्हणून केक बिनअंड्याचा आणला. पाहुण्यांना तीन मजल्यांचा केक आणायचा होता, पण तसा केक कापताना तुकडे लहानमोठे होतात, वरची फुले कोणाला मिळाली यावरून रडारड होते आणि शेवटच्या मुलींना चुरा मिळतो. त्याऐवजी प्रत्येकी 2 किलोचे दोन चौकोनी केक आणले. सुरीने सहा गुणिले पाच अशा रेषा आखल्या की एका केकचे तीस सारखे तुकडे होतात. हे फार हिशेबी वाटेल, पण समान वाटणीची नजर बालगृहातल्या मुलांइतकी तीक्ष्ण दुसऱ्या कोणाची नसते. मेणबत्त्या केकवर न लावता शेजारच्या ताटात पणत्या लावल्या, त्यामुळे 54 जणांच्या केकवर फुंकर मारण्याचा प्रकार टळला. औक्षण ज्यांना हवे त्यांचेच झाले, आणि ते पाहुण्या आईने नव्हे, तर गृहमाता आणि दोन मोठ्या मुलींनी केले. वेगवेगळ्या धर्मांच्या मुली तेथे होत्या. ज्यांना टिळा नको होता, त्यांच्यावर फक्त फुले टाकली गेली. पाहुण्या मुलीलाही याच मुलींनी ओवाळले, आणि माझ्या मते संपूर्ण संध्याकाळमधली ही सगळ्यांत नेमकी कृती होती, कारण यात घेणारी पाहुणी झाली आणि देणाऱ्या बालगृहातल्या मुली.

खेळांवर सगळ्यांत जास्त खल झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. सहा वर्षांची आणि सतरा वर्षांची मुलगी एकाच खेळात रमणे सोपे नाही. संगीत खुर्ची हा वाढदिवसातला हमखास खेळ येथे पहिल्यांदा बाद करण्यात आला. त्यात लहान मुली पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच बाहेर पडतात आणि पुढचा अर्धा तास कडेला बसून मोठ्यांची ढकलाढकली पाहतात. फुगे फोडण्याचा खेळ समुपदेशकांनी नको म्हटला, कारण अचानक होणाऱ्या मोठ्या आवाजाने काही मुली दचकून कोपऱ्यात जातात. आंधळी कोशिंबीरही वगळली गेली. डोळे बांधलेले असताना कोणी तरी पकडणे, हा ज्यांच्यावर अत्याचार झालेला असू शकतो अशा मुलींसाठी खेळ राहत नाही. कोणत्या मुलीचे काय झाले आहे, हे पाहुण्यांना सांगितले गेले नाही आणि सांगायची गरजही नव्हती. खेळच असा निवडायचा की कोणालाच कारण सांगावे लागू नये.

नव्या मुलीच्या येण्यामुळे ऐन वेळी मोजणी बदलली. शुक्रवारी रात्री बाल कल्याण समितीच्या आदेशाने आठ वर्षांची एक मुलगी दाखल झाली आणि संख्या 39 झाली. ती गृहमातेचा पदर सोडत नव्हती, तेव्हा तिला खेळात ओढले नाही. आणखी दोघींना खेळायचे नव्हते. एकीने गुण लिहिण्याचे आणि दुसरीने घंटा वाजवण्याचे काम मागून घेतले. न खेळणाऱ्यांसाठी अशी खरी कामे आधीच काढून ठेवली, की नकार देणे सोपे जाते आणि कडेला बसणे ही शिक्षा वाटत नाही. उरलेल्या 36 मुली आणि पाच पाहुण्या मुली मिळून 41 जणींचे सहा गट केले. गट वयानुसार न करता प्रत्येक गटात सगळ्या वयांच्या मुली घेतल्या, आणि पाहुण्या मुली एकत्र न ठेवता वेगवेगळ्या गटांत विखुरल्या. गटांना मोगरा, जाई, शेवंती अशी फुलांची नावे मुलींनीच दिली.

मुख्य खेळ खजिन्याचा शोध हा होता. प्रत्येक गटाला पाच ठिकाणी पाच चिठ्ठ्या शोधायच्या होत्या, आणि चिठ्ठ्या अशा बेतल्या होत्या की कोणत्याही एका वयाच्या मुलींना त्या एकट्याने सोडवता येऊ नयेत. पहिली चिठ्ठी चित्राची होती, ती सहा-सात वर्षांच्या मुली ओळखतील अशी. दुसरी उखाण्यासारखे कोडे होती. तिसरीत बेरीज-वजाबाकी सोडवून पायऱ्या मोजायच्या होत्या. चौथी मोडी वळणाच्या अक्षरांची नक्कल करून लिहिलेली होती. ही मोठ्या मुलींसाठी, आणि हीच फसली. अक्षरे कोणालाच लागेनात, सगळे गट तेथेच अडकले, आणि गोंधळ वाढू लागल्यावर अधीक्षिकांनी गुण लिहिणाऱ्या मुलीला एक सूचना मोठ्याने वाचायला सांगून खेळ पुढे सरकवला. चिठ्ठ्या आदल्या दिवशी त्या-त्या वयाच्या एखाद्या मुलीकडून सोडवून पाहायला हव्या होत्या. पाचवी चिठ्ठी स्वयंपाकघराच्या दारापाशी होती आणि ती स्वयंपाकीणबाईंना पदार्थाचे नाव सांगितल्यावरच मिळत होती. खजिना म्हणून सगळ्या गटांना मिळून एकच पेटी होती, तिच्यात रबरी रिंग, दोरीउड्यांच्या लांब दोऱ्या आणि बॅडमिंटनची फुले अशी सामायिक खेळाची सामग्री होती. पहिला-दुसरा क्रमांक नव्हताच; गुण फक्त किती वेळ लागला त्याचे लिहिले गेले.

मग विष-अमृत झाले. बाद झालेल्या खेळाडूला दुसरी कोणी स्पर्श करून पुन्हा खेळात आणते, त्यामुळे कोणीच फार वेळ बाहेर राहत नाही आणि मोठ्या मुली लहानांना सोडवण्यातच दमतात. लगोरीही ठरली होती, पण पाऊस आला आणि सगळ्यांना सभागृहात यावे लागले. तेथे भेंड्या सुरू झाल्या, आणि पाठ गाण्यांच्या बाबतीत पाहुण्या मुली साफ हरल्या. जूनमधल्या मैदानी बेताला छपराखालचा पर्याय हवाच, आणि तो शक्यतो ज्याला काही साहित्य लागत नाही असा असावा.

भेटवस्तूंचा निर्णय खरे तर खेळांच्याही आधी झाला होता. एकसारख्या वस्तूंमागे समानतेचा विचार असतो, पण सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात टेडी अस्वल दिले की तिला आपण कोण आहोत हे कोणी पाहिलेच नाही, एवढेच कळते. म्हणून वस्तू वेगळ्या आणि किंमत सारखी, असे ठरले: प्रत्येकीसाठी 250 रुपये. शालोपयोगी वस्तू टाळल्या, कारण जूनमध्ये वह्या आणि कंपासपेट्या चारी बाजूंनी येतात आणि कपाटात पडून राहतात. समितीने प्रत्येक वयोगटासाठी दोन पर्याय काढले आणि मुलींनी त्यांतला एक निवडला. 6 ते 9 वर्षांच्या नऊ मुलींनी रंगीत खडूंची मोठी पेटी किंवा मातीकामाचा संच मागितला, 10 ते 13 च्या सोळा जणींनी मण्यांच्या दागिन्यांचे साहित्य किंवा गोष्टीचे पुस्तक, तर 14 ते 17 च्या तेरा जणींनी खांद्याला अडकवायची छोटी बॅग किंवा मनगटी घड्याळ.

या निवडींमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बालगृहात चटई, बादली, चेंडू, दूरचित्रवाणी असे सगळे सामायिक असते; खास आपले असे फार थोडे असते, आणि तेही कुलूप लावता येणाऱ्या पेटीत किंवा कपाटाच्या कप्प्यात मावले पाहिजे. मोठ्या वस्तू मुलींनी मागितल्याच नाहीत. प्रत्येक वस्तूवर मुलीचे नाव चिकटवले गेले. सॅनिटरी पॅड आणि अंतर्वस्त्रे देण्याची पाहुण्या आईची सूचनाही चांगली होती, पण ती भेट म्हणून न देता बालगृहाच्या भांडारात पावतीसह जमा करण्यात आली. गरजेची वस्तू भेट म्हणून कागदात गुंडाळून दिली की घेणाऱ्याला अवघडल्यासारखे होते. तीन वस्तू नावाशिवाय जादा आणल्या होत्या, कारण बालगृहात कोणत्याही रात्री नवी मुलगी येऊ शकते. शुक्रवारी आलेल्या मुलीला त्यांतलीच खडूपेटी मिळाली, आणि तिचे नाव त्याच संध्याकाळी तिच्यासमोर त्यावर लिहिले गेले.

वाटप पाहुण्यांच्या हातून झाले नाही. पाहुणे गेल्यावर, रात्रीच्या प्रार्थनेनंतर, गृहमातांनी वस्तू प्रत्येकीच्या हाती दिल्या. कुटुंबाला हे आधी थोडे रुचले नाही, कारण मुलींच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्याची त्यांची इच्छा होती. पण देणाऱ्यासमोर मुलीला वस्तू आवडली नाही तरी हसावेच लागते. तो आनंद किती खरा, हे ओळखायला मार्ग नसतो. पाहुण्या मुलीला आलेल्या भेटी तिच्या घरीच राहिल्या, आणि मैत्रिणींच्या परतभेटीही तेथेच दिल्या गेल्या. बालगृहातल्या मुलींनी मात्र तिला हाताने केलेले एक शुभेच्छापत्र दिले आणि तिने ते सर्वांसमोर वाचले.

छायाचित्रांचा मुद्दा कायद्याचाच होता. कलम 74 चा भंग झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, हे ऐकल्यावर पाहुण्यांचे फोन दारातल्या टोपलीत गेले. मात्र छायाचित्रे काढलीच नाहीत, असे नाही. बालगृहाच्या कॅमेऱ्यावर गृहमातेने ती काढली, छापली आणि मुलींना दिली. मुलींकडे स्वतःची लहानपणची छायाचित्रे क्वचितच असतात; त्यांची गरज खरी आहे, फक्त ती मुलींपाशी राहिली पाहिजेत. कुटुंबाला रांगोळीचे, केकचे आणि भेळेच्या ताटाचे छायाचित्र मिळाले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. पंगतीत आजींनी सात वर्षांच्या मुलीला ‘बाळ, तुझी आई कुठे असते गं?’ असे विचारलेच. शेजारी बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीने ‘आजी, तुम्हाला अजून एक पाव वाढू?’ म्हणून विषय वळवला, आणि ती ज्या सराईतपणे बोलली, त्यावरून हा प्रसंग तिला नवा नव्हता हे उघड होते. निघताना मामांनी एका चुणचुणीत मुलीच्या हातात पाचशेची नोट ठेवली. ती अधीक्षिकांनी तेथेच परत घेऊन बालगृहाच्या नावे देणगी म्हणून पावती दिली. मामा थोडे हिरमुसले. पण ती नोट त्या मुलीपाशी राहिली असती, तर त्या रात्री शयनगृहात भांडण ठरलेले होते.

पुढच्या रविवारी समितीच्या बैठकीत मुलींनी आपली मते सांगितली. पावभाजी पुन्हा हवी, भेळ कमी पडली, एकेकीचे नाव घेऊन म्हटलेले वाढदिवसाचे गाणे फार लांबले, चौथी चिठ्ठी कोणालाही येणारी नव्हती. मध्यम वयोगटातल्या चार मुलींनी सांगितले की मोठ्यांना घड्याळ मिळाले आणि आम्हाला मणी, हे बरोबर नाही; वय तेरा पूर्ण झाल्यावर मोठ्यांच्या यादीतून निवडू द्यावे. ही मागणी मान्य झाली. जुलैमध्ये वाढदिवसासाठी विचारणा करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाला पाठवायच्या सूचनापत्रात अधीक्षिकांनी दोन ओळी वाढवल्या: रोख रक्कम कोणत्याही मुलीच्या हाती देऊ नये, आणि पाहुण्यांच्या यादीतल्या प्रत्येकाने, फक्त वाढदिवसाच्या मुलीच्या आईवडिलांनी नव्हे, आधीच्या बैठकीला स्वतः हजर राहावे.